छोट्या खात्यात क्वांटिटी किती घ्यायची? जोखीम, स्टॉप आणि लॉटचा हिशोब, पायरी पायरीने

नवीन ट्रेडर 'काय घेऊ' हे दहा जणांना विचारतो आणि 'किती घेऊ' हे कुणालाच विचारत नाही. शंभर शेअर, एक लॉट, किंवा खात्यात जेवढे पैसे आहेत तेवढे. बहुतेकांची क्वांटिटी अशी ठरते. खरं तर क्वांटिटी हा आवडीनिवडीचा विषयच नाही. तीन आकडे हातात असले की ती भागाकाराने निघते: एका ट्रेडमध्ये किती रुपये गमवायची तयारी आहे, एंट्रीपासून स्टॉप किती लांब आहे, आणि भाव एक रुपयाने हलला की तुमच्या खात्यात किती रुपये हलतात.

भागाकार चौथीतला आहे. घोळ होतो तो छोट्या खात्यात, कारण तिथे उत्तर कधी कधी 'शून्य लॉट' येतं आणि ते मान्य करायची कुणाची तयारी नसते. म्हणून मोठ्या खात्यांचं सोडून देऊ आणि ऐंशी हजारांच्या खात्यावर सगळं करून बघू. उदाहरणातले भाव हिशोबापुरते घेतले आहेत, त्यात कुठलीही शिफारस नाही.

आधी काय जवळ हवं

- ब्रोकरच्या ॲपमधलं फंड्सचं पान, म्हणजे आजची खरी शिल्लक.
- आधी ट्रेड केले असतील तर दोन-तीन जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट. खर्चाचे खरे आकडे तिथेच मिळतात.
- वायदे किंवा ऑप्शन करणार असाल तर त्या कॉन्ट्रॅक्टचं एक्स्चेंजच्या साईटवरचं स्पेसिफिकेशन. लॉट साईझ आणि भाव कशाचा सांगतात हे तिथून घ्यायचं, यूट्यूबवरून नाही.
- एक स्प्रेडशीट. मोबाईलवरची चालेल.

फ्युचर-ऑप्शनचा सेगमेंट चालू करायला ब्रोकर उत्पन्नाचा पुरावा मागतो: बँक स्टेटमेंट, आयटीआर किंवा सॅलरी स्लिप. पुढची सातवी-आठवी पायरी वाचून झाल्यावर तो सेगमेंट आत्ता लागतो का हे ठरवा. घाई नाही.

१. खात्याचा आकडा नक्की करा

जोखमीची टक्केवारी ज्या रकमेवर लावायची ती रक्कम म्हणजे आजची शिल्लक. महिन्याभरापूर्वी भरलेले एक लाख नव्हे. त्यातले वीस हजार गेले असतील तर खातं ऐंशी हजारांचं आहे. तसंच चालू ट्रेडमध्ये दिसणारा कागदी नफा यात धरू नका. तो संध्याकाळपर्यंत असेलच असं नाही, आणि त्याच्या जोरावर पुढची क्वांटिटी वाढवली की पहिला ट्रेड उलटला तर दोन्हीकडून फटका बसतो.

ब्रोकर देतो ते मार्जिनही खात्यात धरायचं नाही. शेअरमध्ये इंट्राडेला जास्तीत जास्त पाचपट मिळतं, म्हणून ॲप ऐंशी हजारांवर चार लाखांची ऑर्डर घेईल. तुमचं खातं मात्र ऐंशी हजारांचंच राहतं.

२. एका ट्रेडची जोखीम टक्क्यात ठरवा

मी नव्या माणसाला एक टक्का सांगतो, आणि दोन टक्के ही कमाल मर्यादा. ऐंशी हजारांवर एक टक्का म्हणजे ८०० रुपये. स्टॉप लागला, सगळा खर्च वजा झाला, तर खात्यातून ८०० च्या आसपास जावेत, जास्त नाही.

एवढं कमी का? लागोपाठ दहा स्टॉप लागणं हे दुर्मीळ नाही. चांगल्या पद्धतीतही असा काळ येतोच. दर वेळी एक टक्का गेला तर दहा ट्रेडनंतर खात्यात नव्वद टक्के रक्कम शिल्लक असते. दर वेळी पाच टक्के गेले तर साठ टक्केच उरते, आणि साठचे पुन्हा शंभर करायला ६७ टक्के कमवावे लागतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते. म्हणजे लागोपाठचे स्टॉप गृहीत धरूनच आकडा ठरवलेला बरा.

उलट बाजूही आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. खातं वीस हजारांचं असेल तर एक टक्का म्हणजे २०० रुपये. डिलिव्हरीचा एक व्यवहार पूर्ण करायला त्यातले चाळीस-पन्नास सहज खर्चात जातात. अशा खात्यात एक टक्क्याचा नियम कागदावर नीट दिसतो, पण जोखमीच्या पावपट रक्कम खर्चच खातो. तिथे दीड-दोन टक्के ठेवून ट्रेड अगदी मोजके करणं जास्त शहाणपणाचं.

३. स्टॉप चार्टवर ठरवा, खिशाकडे बघून नाही

ही पायरी चुकली तर पुढचा सगळा हिशोब बरोबर येऊनही निरुपयोगी ठरतो.

स्टॉप म्हणजे 'इथे भाव आला तर माझा अंदाज चुकला' असं सांगणारी जागा. मागच्या स्विंगचा तळ, सपोर्टच्या थोडं खाली, किंवा तुमच्या पद्धतीत जे काही असेल ते. ती जागा बाजार ठरवतो. तुमच्या खात्यात ऐंशी हजार आहेत की आठ लाख, हे त्या सपोर्टला माहीत नसतं.

समजा एक शेअर ४१२ ला घ्यायचा आहे. मागचा तळ ४०० च्या जरा वर आहे, म्हणून स्टॉप ३९८.५० ला. अंतर १३.५० रुपये. आता चार्टवर १४ दिवसांचा एटीआर लावा. तो शेअर दिवसाला सरासरी किती हलतो हे त्यात दिसतं. तो ९ रुपये असेल तर १३.५० चं अंतर दीड दिवसाच्या हालचालीएवढं झालं, चालण्यासारखं. तेच तुम्ही स्टॉप ४१० ला ठेवला तर अंतर दोन रुपये, आणि ९ रुपये हलणाऱ्या शेअरमध्ये तो चहा संपेपर्यंत लागेल. अंदाज बरोबर, दिशा बरोबर, पण तुम्ही बाहेर.

४. भागाकार

जोखमीची रक्कम भागिले स्टॉपचं अंतर. ८०० भागिले १३.५० म्हणजे ५९.२५. नेहमी खाली उतरवायचं, म्हणून ५९ शेअर. साठ गोल दिसतात म्हणून साठ करायचे नाहीत. एका शेअरने काही बिघडत नाही, पण हीच सवय पुढे १.८ लॉटचे दोन लॉट करते आणि तिथे बिघडतं.

गंमत बघा: स्टॉप लांब गेला की क्वांटिटी आपोआप कमी होते आणि जवळ आला की वाढते. रुपयातली जोखीम दोन्हीकडे तेवढीच राहते. म्हणून 'स्टॉप फार लांब आहे, ट्रेड परवडत नाही' हे वाक्य शेअरच्या बाबतीत क्वचितच खरं असतं. कमी शेअर घ्यायचे, एवढंच.

५. खर्च आणि स्लिपेज अंतरातच मिळवा

५९ हा आकडा अजून अंतिम नाही. यात कर, शुल्क आणि स्टॉपला मिळणारा खरा भाव धरलेला नाही.

हा ट्रेड डिलिव्हरीचा धरू. ५० शेअरच्या आसपास म्हणजे एकवीस हजारांचा माल. एसटीटी खरेदीवर ०.१ टक्के आणि विक्रीवरही ०.१ टक्के, म्हणजे दोन्ही मिळून चाळीसएक रुपये. स्टँप ड्युटी तीनएक रुपये. विकताना डीमॅटमधून शेअर बाहेर काढायचा डीपी चार्ज, बहुतेक ब्रोकरकडे पंधराच्या आसपास, आणि तो शेअर पाच विका नाहीतर पाचशे, तेवढाच. एक्स्चेंजचं शुल्क आणि जीएसटी किरकोळ. ब्रोकरेज शून्य धरलं तरी साठ-बासष्ट रुपये झाले, म्हणजे शेअरमागे १.२० रुपये. तुमचा ब्रोकर डिलिव्हरीला ब्रोकरेज घेत असेल तर कॉन्ट्रॅक्ट नोट उघडून तेही मिळवा.

मग स्लिपेज. स्टॉप ३९८.५० ला लागला तरी विक्री ३९८ ला होऊ शकते. रोज भरपूर उलाढाल होणाऱ्या शेअरला अर्धा रुपया धरा. ज्या शेअरमध्ये खरेदी-विक्रीच्या भावातच रुपया-दीड रुपयाचं अंतर दिसतं, तिथे किमान तेवढं तरी धरावंच लागेल.

आता अंतर झालं १३.५० अधिक १.२० अधिक ०.५०, म्हणजे १५.२०. आठशेला भागलं की ५२.६. खाली उतरवून ५२ शेअर. ५९ ऐवजी ५२. पडताळून बघा: ५२ गुणिले १३.५० म्हणजे ७०२, खर्चाचे ६२, स्लिपेजचे २६, एकूण ७९०. आठशेच्या आत.

स्प्रेडशीटमध्ये हे एकदाच लिहून ठेवा:

```
B1  खात्यातली रक्कम            80000
B2  जोखीम                      1%
B3  एंट्री                      412
B4  स्टॉप                      398.5
B5  खर्च + स्लिपेज (युनिटमागे)   1.7
B6  गुणक                       1

=ROUNDDOWN((B1*B2)/((ABS(B3-B4)+B5)*B6),0)
```

`ABS` मुळे आधी विकून नंतर खरेदी करायची असली तरी सूत्र तेच चालतं. `B6` मधला गुणक म्हणजे सुरुवातीचा तिसरा आकडा: भाव एक रुपयाने हलला की एका शेअरमागे किंवा लॉटमागे खात्यात किती रुपये हलतात. शेअरला तो एक असतो. तो बदलतो सातव्या पायरीत.

६. एकूण रकमेलाही कुंपण घाला

वरचं सूत्र एका गृहीतकावर उभं आहे: स्टॉप जिथे ठेवला तिथेच बाहेर पडता येईल. दिवसभरात ते बहुतेक वेळा खरं असतं. रात्र मध्ये आली की नाही.

५२ शेअर म्हणजे २१,४२४ रुपये, खात्याच्या २७ टक्के. रात्री कंपनीची वाईट बातमी आली आणि सकाळी शेअर थेट २० टक्के खाली उघडला, तर ३९८.५० चा स्टॉप काही कामाचा नाही. तो खालच्या भावालाच विकेल. तोटा ४,२८५ रुपये, म्हणजे ठरवलेल्या एका टक्क्याऐवजी पाच टक्क्यांच्या वर. वाईट आहे, पण खातं जिवंत राहतं. आता समजा जवळच्या स्टॉपमुळे सूत्राने २१६ शेअर सांगितले. तिसऱ्या पायरीतला ४१० चा स्टॉप धरून, खर्च तोच ठेवून, खरंच एवढे येतात. ते होतात ८८,९९२ रुपयांचे. ते खात्यापेक्षाच जास्त आहेत. वीस टक्क्यांच्या गॅपमध्ये जवळजवळ अठरा हजार जातील.

म्हणून दुसरी मर्यादा: रात्रभर ठेवायच्या एका शेअरमध्ये खात्याच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नाही. तिमाही निकाल दुसऱ्या दिवशी असेल तर मी त्याच्याही निम्मं धरतो. सूत्राचं उत्तर आणि या मर्यादेचं उत्तर, यातलं जे लहान ते घ्यायचं.

आणि लोअर सर्किट. ज्या शेअरवर फ्युचर-ऑप्शन नाहीत त्यांना २, ५, १० किंवा २० टक्क्यांचा प्राईस बँड असतो. पाच टक्क्यांच्या बँडवाला शेअर खालच्या सर्किटला लॉक झाला की विकणारे शेकडो आणि घेणारा कुणीच नाही. स्टॉप ऑर्डर ट्रिगर होते आणि नुसती रांगेत उभी राहते. असा शेअर घेताना ॲपमध्ये त्याचा बँड आधी बघा.

७. लॉट आला की 'एका रुपयाला किती रुपये' हे विचारा

शेअर एक-एक घेता येतो, म्हणून ५२ हे उत्तर जसंच्या तसं वापरता येतं. वायद्यात लॉट ठरलेला असतो, आणि सूत्रातला गुणक नीट भरला नाही तर हिशोब दहा पटींनी चुकू शकतो.

सगळ्यात जास्त गोंधळ एमसीएक्सवर होतो, कारण तिथे लॉट एका मापाचा आणि भाव दुसऱ्याच मापाचा असू शकतो. गोल्ड मिनीचा लॉट १०० ग्रॅमचा, पण स्क्रीनवरचा भाव १० ग्रॅमचा. म्हणून भाव एक रुपया हलला की खात्यात दहा रुपये हलतात, शंभर नाहीत. गुणक १०. गोल्ड गिनीचा लॉट ८ ग्रॅमचा आणि भावही ८ ग्रॅमचा, म्हणून गुणक १. गोल्ड पेटल एक ग्रॅम, भाव एका ग्रॅमचा, गुणक १. चांदीचा भाव किलोचा असतो, त्यामुळे सिल्व्हर मायक्रोचा गुणक १ आणि सिल्व्हर मिनीचा ५. क्रूड ऑईल १०० बॅरलचं, गुणक १००, आणि क्रूड मिनी १० बॅरलचं, गुणक १०. नॅचरल गॅसचा मोठा कॉन्ट्रॅक्ट १,२५० चा आणि मिनी २५० चा, म्हणजे मिनीत भाव एक रुपया हलला तरी अडीचशे रुपये.

निफ्टीचं वेगळं. तिथे गुणक म्हणजेच लॉट साईझ, पण तीच बदलत राहते. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ती २५ होती. सेबीने इंडेक्सच्या कॉन्ट्रॅक्टची किमान किंमत १५ लाखांवर नेल्यावर ७५ झाली, आणि २०२६ च्या सुरुवातीपासून ६५. जुन्या व्हिडिओत २५ चा हिशोब बघून कुणी आज ऑर्डर टाकली तर जोखीम अडीच पटींच्या वर जाते. ऑर्डर टाकण्याआधी ऑर्डरच्या खिडकीत दिसणारी क्वांटिटी आणि तुमचा `B6` एकच आहे ना, एवढं बघा.

एक उदाहरण करून टाकू. क्रूड मिनी, स्टॉप ६० रुपये लांब. गुणक १०, म्हणजे लॉटमागे ६०० रुपये. येण्याजाण्याचं ब्रोकरेज, सीटीटी आणि बाकी सगळं साठएक रुपये धरा. स्लिपेज बॅरलमागे ५ रुपये, म्हणजे ५०. एकूण ७१०. आठशेत एक लॉट बसला. हाच ट्रेड मोठ्या क्रूडमध्ये केला तर नुसत्या स्टॉपचेच सहा हजार, खात्याच्या साडेसात टक्के. ॲपमध्ये दोन्ही नावं एकाखाली एक दिसतात, `CRUDEOIL` आणि `CRUDEOILM`. शेवटचं एक अक्षर बघायचं राहिलं की झालंच.

क्रूडमध्ये बुधवारची रात्रही लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या साठ्याचा साप्ताहिक आकडा बहुतेक बुधवारी येतो, आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री आठला आणि थंडीत नऊला. त्या वेळी पाच रुपयांचं स्लिपेज पुरत नाही. एकतर ते पंधरा-वीस धरून पुन्हा भागाकार करा (वरच्या उदाहरणात मग एक लॉटही बसणार नाही), नाहीतर आकडा येऊन जाईपर्यंत थांबा.

८. उत्तर शून्य आलं तर

इथपर्यंत सगळे मान डोलावतात. मग निफ्टीचा हिशोब येतो.

निफ्टी फ्युचर, स्टॉप ८० पॉइंट लांब. ८० गुणिले ६५ म्हणजे ५,२०० रुपये, खर्च वेगळा. ऐंशी हजारांच्या खात्यात हे साडेसहा टक्के. सूत्र सांगतं शून्य लॉट. एक टक्क्यात हा ट्रेड बसवायला खातं सव्वापाच लाखांच्या वर हवं. शिवाय एका लॉटचं मार्जिनच दोन लाखांच्या आसपास लागतं, त्यामुळे इथे निदान ब्रोकर तरी अडवतो.

ऑप्शनमध्ये ब्रोकर अडवत नाही. प्रीमियम १२० असेल तर ६५ गुणिले १२० म्हणजे ७,८०० रुपयांत लॉट हातात येतो, आणि नवे लोक इथेच येऊन पडतात. हिशोब करा. निफ्टीवरचा स्टॉप ८० पॉइंट लांब आहे. चालू भावाजवळच्या स्ट्राईकचा डेल्टा अर्ध्याच्या आसपास असतो, म्हणजे निफ्टी ८० ने विरुद्ध गेला तर प्रीमियम साधारण चाळीसने उतरेल. ४० गुणिले ६५ म्हणजे २,६००. खात्याच्या सव्वातीन टक्के, म्हणजे दोन टक्क्यांच्या कमाल मर्यादेबाहेरच. उत्तर पुन्हा शून्य. एक्स्पायरीचा दिवस असेल तर हा चाळीसचा अंदाजही धरून चालू नका.

मग मोह होतो तो असा: ८०० भागिले ६५ म्हणजे १२ पॉइंट. 'प्रीमियममध्ये बाराचा स्टॉप लावतो, म्हणजे जोखीम ७८०, एका टक्क्यात.' कागदावर सगळं बरोबर. पण प्रीमियमचे बारा म्हणजे निफ्टीचे चोवीसएक पॉइंट, आणि निफ्टी एवढं पाच मिनिटांच्या एका कँडलमध्ये काही कारण नसताना हलतो. हा स्टॉप चार्टवरून आलेला नाही, उलट्या भागाकारातून आला आहे. ओळखायची खूण सोपी आहे: आठवड्याभराचे स्टॉप लागलेले ट्रेड चार्टवर पुन्हा बघा. बहुतेक ट्रेड बाहेर पडल्यावर तासाभरात तुमच्या दिशेने गेले असतील, तर दिशा चुकत नाहीये. स्टॉप लॉटच्या मापाने कापला जातोय.

शून्य आल्यावर खरे रस्ते तीनच.

पहिला, छोटा कॉन्ट्रॅक्ट असेल तर तो. एमसीएक्सवर असे बरेच आहेत, निफ्टीत नाही.

दुसरा, तीच कल्पना कॅशमध्ये. निफ्टी वर जाईल असं वाटतं तर `NIFTYBEES` सारखा ईटीएफ एक-एक युनिट घेता येतो. पण इथे एक गोष्ट कळते. निफ्टी २५,००० आणि युनिट २८० च्या आसपास असताना निफ्टीचे ८० पॉइंट म्हणजे युनिटमागे ९० पैसे. नुसतं ८०० भागिले ०.९० केलं तर ८८८ युनिट, जवळजवळ अडीच लाखांचे. खात्यात आहेत ऐंशी हजार, म्हणजे २८५ युनिट, आणि खरी जोखीम २५६ रुपये. पैसा आधी संपतो, जोखीम नंतर. याचा अर्थ लीव्हरेज नसलेल्या छोट्या खात्यात इतक्या जवळच्या स्टॉपचा ट्रेड करण्यात राम नाही. कॅशमध्ये काम करायचं तर मोठ्या चार्टवर या, तीन-चार टक्के लांबचा स्टॉप आणि काही दिवस-आठवड्यांचा ट्रेड. तिथे सूत्र आणि खिसा दोन्ही जुळतात, वरच्या ५२ शेअरसारखे.

तिसरा रस्ता म्हणजे ट्रेड सोडणं.

आणखी एक अडचण, उत्तर बरोबर एक लॉट आलं तरी. एका लॉटमधून निम्मा नफा काढून निम्मा पुढे नेता येत नाही. 'अर्धं बुक करा, बाकीचं ट्रेल करा' ही पद्धत किमान दोन लॉट मागते. तुमचं खातं एकच लॉट झेपवत असेल तर बाहेर पडायची एकच जागा असलेली पद्धत निवडा.

९. ऑर्डर टाकताना

क्वांटिटी ४१२ च्या एंट्रीवर काढली आहे. सकाळी सव्वानऊला मार्केट ऑर्डर टाकलीत आणि शेअर ४१५ ला मिळाला, तर अंतर १६.५० झालं, खर्चासह १८.२०, आणि उत्तर ४३ शेअर. हातात मात्र ५२ आहेत. म्हणून एंट्रीला लिमिट ऑर्डर वापरा, आणि भाव सरकला असेल तर शीटमध्ये `B3` बदलून नवा आकडा घ्या. स्टॉप वर ओढून हिशोब जुळवू नका.

स्टॉपची ऑर्डर एंट्री झाल्या झाल्या सिस्टीममध्ये जायला हवी. शेअरमध्ये स्टॉप लॉस मार्केट ऑर्डर मिळते. एनएसईच्या ऑप्शनमध्ये ती सप्टेंबर २०२१ पासून बंद आहे, तिथे ट्रिगर आणि लिमिट असे दोन भाव द्यावे लागतात. दोघांमध्ये अंतर फार कमी ठेवलं तर जोराच्या घसरणीत भाव लिमिटच्या खाली उडी मारतो, ऑर्डर तशीच उभी राहते आणि तोटा वाढत जातो. ट्रिगर ८० तर लिमिट ७५-७६ ठेवा, आणि हे चार-पाच रुपये `B5` मध्ये धरा. डिलिव्हरीत अनेक दिवस स्टॉप ठेवायला जीटीटी वापराल, तिथेही ट्रिगर झाल्यावर बहुतेक ब्रोकरकडे लिमिट ऑर्डरच जाते. तोच नियम.

स्टॉप म्हणजे विमा नव्हे. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळजवळ सहा टक्के खाली बंद झाला. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत क्रूडचा मे महिन्याचा वायदा शून्याखाली गेला, तेव्हा लॉकडाऊनमुळे एमसीएक्स संध्याकाळी पाचलाच बंद होत होतं. पडझड रात्री झाली. इथल्या एप्रिल कॉन्ट्रॅक्टची सेटलमेंट उणे २,८८४ रुपयांना झाली. कुणी शून्य रुपयाला जरी क्रूड घेतलं असतं तरी १०० बॅरलच्या लॉटमागे २,८८,४०० रुपये भरावे लागले असते, आणि बाजारच बंद असताना स्टॉप लावणार कुठे? एक्स्पायरीच्या तोंडावर वायदा रात्रभर ठेवू नका, हा त्यातून घ्यायचा साधा नियम.

१०. एकाच वेळी अनेक ट्रेड

चार बँकांचे शेअर, प्रत्येकी एक टक्का जोखीम. हे चार ट्रेड नाहीत, चार टक्क्यांचा एक ट्रेड आहे. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाच्या दिवशी चारही स्टॉप पंधरा मिनिटांत लागू शकतात. एका क्षेत्रात मिळून दोन टक्के आणि सगळ्या चालू ट्रेडची मिळून चार टक्के ही मर्यादा छोट्या खात्याला पुरते. स्टॉप एंट्रीच्या वर आलेला ट्रेड या बेरजेतून वगळला तरी चालेल, मात्र गॅपची शक्यता त्यालाही आहे.

ट्रेड संपल्यावर

शीटमध्ये दोन रकाने वाढवा: ठरवलेला तोटा आणि कॉन्ट्रॅक्ट नोटप्रमाणे झालेला तोटा. नफ्याचे ट्रेड इथे नकोत, फक्त स्टॉप लागलेले. दहा-पंधरा नोंदी झाल्या की दोन्हींची बेरीज शेजारी ठेवा. झालेला तोटा सातत्याने दहा टक्क्यांपेक्षा जास्त भरत असेल, म्हणजे ८०० ठरवून ९०० जात असतील, तर `B5` कमी धरला आहे, तो वाढवा. एखादाच ट्रेड तिप्पट-चौपट गेला असेल तर त्याची तारीख बघा. निकाल, साठ्याचा आकडा किंवा एक्स्पायरी सापडेल, आणि त्या प्रकारच्या दिवसांसाठी सहाव्या पायरीतली तीस टक्क्यांची मर्यादा खाली आणावी लागेल. एंट्रीच्या वेळी शिल्लक किती होती तेही लिहा, कारण `B1` दर सोमवारी बदलायचा आहे.